बी मिळवून तूट भरत नाही

आज संध्याकाळी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी भेटल्या. मुलगी अमेरिकेत एमएसच्या पहिल्या सेमिस्टरमध्ये ग्रेडच्या सरासरीत २.७७ वर आली आणि तिला प्रोबेशनचे, म्हणजे सरासरी सुधारली नाही तर प्रवेश जाऊ शकतो अशा इशाऱ्याचे, पत्र आले. "काका म्हणाले, आता सगळ्या विषयांत बी मिळवले की तीन होतात," असे त्या सांगत होत्या. हे काका कोण, हे मी विचारले नाही, कारण विचारले असते तर मी काहीतरी बोलून बसले असते. म्हणून येथे लिहिते आहे.

तिकडच्या बहुतेक विद्यापीठांत पदव्युत्तर विद्यार्थ्याची एकूण सरासरी ४ पैकी ३.० च्या खाली गेली की प्रोबेशन लागते, आणि बी म्हणजे नेमके ३.०. आधीची सरासरी तीनच्या खाली असेल, तर पुढे जन्मभर बी मिळवत राहिले तरी ती तीनला टेकणार नाही. २.७ वरून २.८, २.८ वरून २.९ अशी सरकत राहील, पण पोहोचणार कधीच नाही. एवढे साधे गणित न करता दुसऱ्याच्या मुलीला धीर देणाऱ्या लोकांचा मला मनस्वी राग येतो.

हा राग माझ्या भाच्यामुळे आहे. नौपाड्यातल्या घरातून बॅगा भरून गेलेला हा मुलगा पहिल्याच सेमिस्टरला बी, बी मायनस आणि सी प्लस घेऊन बसला. तीन विषय, प्रत्येकी तीन क्रेडिट, म्हणजे सरासरीत प्रत्येक विषयाचे वजन तीन. ग्रेडचे आकडे ३.०, २.७ आणि २.३, म्हणजे क्रेडिटने गुणून २४ पॉइंट, भागिले ९, सरासरी २.६७. त्याने हिशेब केला की पुढच्या सेमिस्टरला ३.३३ हवेत. हिशेब बरोबर होता. पण बी प्लस म्हणजे ३.३, "जवळजवळ तेच की, मावशी," असे म्हणून त्याने तीन बी प्लसचे लक्ष्य ठेवले आणि ते मिळवलेही. बेरीज झाली ५३.७, भागिले १८, म्हणजे २.९८. त्याच्या विद्यापीठात तो आकडा वर ओढून ३.० धरत नव्हते. प्रोबेशन कायम राहिले.

मी आयुष्यभर पतपेढीत खाती सांभाळली, म्हणून सरासरीपेक्षा मला तूट लवकर कळते. नऊ क्रेडिटला हवे होते २७, होते २४, म्हणजे तूट तीन पॉइंटची. तीन क्रेडिटच्या विषयात बी मिळाला तर तूट जशीच्या तशी राहते. बी प्लस ०.९ ने, ए मायनस २.१ ने आणि ए पुरत्या ३ ने ती भरून काढतो. बी मायनस मात्र तिच्यात ०.९ ची भर घालतो. तीन बी प्लस मिळून २.७ भरले, ०.३ राहिले. एक ए आणि दोन बी मिळाले असते, तर कष्ट कदाचित तेवढेच पडले असते आणि खाते चुकते झाले असते. सगळ्या विषयांत सारखी धाव घेण्याऐवजी जो विषय हातात आहे त्यातच जोर लावायचा, हे त्या पत्रात कोणी लिहीत नाही. पत्रात उंबरठ्याचा आकडा असतो, वाट नसते.

नियम आधीपासून लिहून ठेवलेले असतात आणि ते वाचणे मुलांचेच काम आहे, हे मान्य. आमच्या भाच्यानेही ते वाचले नव्हते. त्याच सेमिस्टरला त्याने एक क्रेडिटचा सेमिनार घेतला होता, त्यानेही सरासरी वाढेल या समजुतीने. तो फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण होता, सरासरीत धरलाच नाही. ग्रेडचा असता आणि ए मिळाला असता तर एक पॉइंट आला असता, आणि त्याला हवे होते ०.३. हे कळले त्या रात्री दोन वाजता त्याचा फोन आला होता. बराच वेळ तो काहीच बोलला नाही, मीही काही बोलले नाही. त्याला मी रागावायला नको होते, पण मग रागावलेच.

नापास झालेला किंवा कमी ग्रेडचा विषय पुन्हा घेतला तर जुनी ग्रेड पुसली जाते, असेही लोक छातीठोकपणे सांगतात. काही ठिकाणी पुसली जाते, काही ठिकाणी दोन्ही धरतात, तेव्हा त्या विद्यापीठाचा नियम पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये. नको तो विषय सोडून देणे तर त्याहून अवघड, कारण पदव्युत्तर विद्यार्थ्याला व्हिसासाठी सहसा नऊ क्रेडिट राखावे लागतात आणि त्याखाली जायचे तर आधी परवानगी लागते.

वहिनींच्या मुलीचे दोन बी आणि एक सी प्लस आहेत, म्हणजे तूट २.१ ची. पुढच्या तीन विषयांत एक ए मायनस आणि दोन बी आले की ती नेमकी ३.० वर येते, आणि नियम "३.० च्या खाली" असा असल्याने नेमके ३.० चालते. पण एकही बी मायनस आला तर एक ए मायनस पुरणार नाही, ए लागेल. हे मी एका चिठ्ठीवर लिहून ठेवले आहे. रात्री साडेआठला तिकडे सकाळ होते आणि वहिनी फोन लावतात, म्हणून जेवण गॅसवर ठेवून आता खाली जाते.