कोट, बँड आणि पोटगीच्या तारखेची साडी

वकिलीची सनद हातात आली की नव्या मुलामुलींचा पहिला मोठा खर्च कोटावर होतो. शोरूमच्या काचेतला, अस्तर लावलेला, खांद्यांना पॅडिंग असलेला, लग्नाच्या रिसेप्शनला शोभेल असा काळा ब्लेझर घेऊन येतात. विदर्भातल्या जिल्हा कोर्टात हा कोट फेब्रुवारीतच अंगाला चिकटायला लागतो. दिवसाच्या खटल्यांचं बोर्ड लांबलं आणि आपलं मॅटर दुपारच्या सुट्टीनंतर गेलं की माणूस युक्तिवाद कमी आणि घाम जास्त पुसतो. माझं मत विचाराल तर पहिला कोट ओळखीच्या टेलरकडे शिवून घ्यावा: सुती किंवा टेरिकॉट कापड, पूर्ण अस्तर नको, कमरेत फार आवळलेला नको, काखेत सैल. हात वर करून कपाटाच्या वरच्या फळीवरची फाइल काढता आली पाहिजे. मुलींनी आतला आणि बाहेरचा, दोन्ही खिसे मागून घ्यावेत. लेडीज कोटाला खिसा का लागतो हे टेलरला समजावण्यात दहा मिनिटं जातात, पण घालवावीत.

मुळात नियम काय आहे हे वाचलेले वकील कमीच. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने पोशाखाचे नियम केलेत. पुरुषांसाठी काळा कोट, पांढरा शर्ट, पांढरी कॉलर, पांढरे बँड म्हणजे गळ्याशी लोंबणाऱ्या दोन पट्ट्या, आणि पँट पांढरी, करडी किंवा काळी पट्टेदार. धोतरही चालतं. जीन्स मात्र नाव घेऊन वगळली आहे. म्हणजे काळी जीन्स 'लांबून कळत नाही' हा युक्तिवाद नियमापुढे टिकत नाही. २०२३ मध्ये गुवाहाटी हायकोर्टात जीन्स घालून आलेल्या वकिलाला पोलीस बोलावून बाहेर काढायला लावलं होतं. पोलीस बोलावणं मला अति वाटतं, पण त्या वकिलाच्या पक्षकाराला त्या दिवशी पुढची तारीखच मिळाली आणि शेवटी झळ त्यालाच बसली.

स्त्रियांसाठी नियम त्यामानाने मोकळा आहे. साडी पांढरी, काळी किंवा कुठल्याही सौम्य रंगाची चालते, फक्त छापील नक्षी नको. सलवार-कुर्ता किंवा चुडीदार पांढरा नाहीतर काळा, ओढणी घ्या किंवा घेऊ नका. हे शेवटचं वाक्य बाररूमच्या दारावर चिकटवावंसं वाटतं, कारण "मॅडम, ओढणी?" असं विचारणारे वडीलधारे अजून आहेत. आदबीने नियम दाखवावा आणि पुढे जावं.

गाऊन फक्त सुप्रीम कोर्टात आणि हायकोर्टात सक्तीचा आहे. या दोन ठिकाणांखेरीज उन्हाळ्यात कोटही सक्तीचा नाही, बँड मात्र हवेतच. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसारख्या खालच्या कोर्टात बँडऐवजी काळा टाय चालतो, पण जिल्हा आणि सत्र न्यायालयात तो चालत नाही. एकाच आवारात दोन्ही कोर्टं असतात आणि ज्युनियरला तासाभरात इकडून तिकडे पळायचं असतं, त्यामुळे टायच्या भानगडीत पडूच नये.

खरी फजिती कोटाने होत नाही, पांढऱ्याने होते. स्वस्त पांढरा कुर्ता खिडकीसमोर उभं राहिल्यावर पारदर्शक होतो, हे घरच्या ट्यूबलाइटखाली कळत नाही. कापड घेताना दुकानाच्या बाहेर येऊन, आत हात घालून, उन्हात धरून बघावं. हाताची बोटं मोजता आली तर ते घेऊ नये. बँडचं तसंच. वेल्क्रोचे बँड काही महिन्यांत सैल पडतात आणि उलटतपास ऐन रंगात आला की एका बाजूला कलतात. नाडीचे घ्यावेत, दोन-तीन जोड, आणि घरी स्टार्च करावेत. चहाच्या टपरीवर जाताना ते काढून खिशात ठेवावेत. कोर्टाबाहेर सार्वजनिक जागी बँड-गाऊन घालू नये असा नियमच आहे, आणि पांढऱ्या बँडवरचा चहाचा डाग काही केल्या जात नाही, हे वेगळंच.

आता पक्षकार. "मॅडम, तारखेला काय घालून येऊ?" हा प्रश्न मला फोनवर हमखास येतो. सर्वसाधारण पक्षकाराला असा ड्रेसकोड नाही. शेतकरी धोतर-टोपीत येतो, गवंडी कामावरच्या शर्टात येतो, दोघांचंही म्हणणं ऐकलं जातं. मी एवढंच सांगते: फिक्या किंवा गडद एकरंगी कपड्यात या, छातीवर काही लिहिलेला टी-शर्ट नको, गॉगल डोक्यावर अडकवू नका. आणि एक गोष्ट हमखास सांगते, पांढरा शर्ट-काळी पँट घालू नका. मुलाखतीला जातात तसं सजून येतात बिचारे, मग शिपाई त्यांना वकील समजून पुढच्या खुर्चीवर बसवतो, आणि पुकारा झाल्यावर खुर्ची सोडून पिंजऱ्याकडे जाताना माणूस उगाच ओशाळतो.

सगळ्यात जास्त नाटक पोटगीच्या मॅटरमध्ये होतं. माझ्याकडे एक बाई यायच्या. शेजारणीने त्यांना शिकवलं होतं की विटलेली साडी नेसून जा, कानात काही घालू नको, म्हणजे साहेबांना दया येईल. मी नको म्हटलं. त्या नेहमीच्या, इस्त्री केलेल्या राखाडी सुती साडीत आल्या. समोरच्या वकिलांनी उलटतपासात विचारलंच, "ही साडी कितीची?" बाई म्हणाल्या, "भावजयीने दिली, किंमत तिला विचारा." कोर्टात हशा पिकला आणि प्रश्न तिथेच संपला. विटक्या साडीत आल्या असत्या तर त्याच वकिलांनी नातेवाइकाच्या लग्नातला त्यांचा पैठणीतला फोटो पुढे केला असता, आणि मग बाईंचं खरंही खोटं वाटायला लागलं असतं.

शिवाय आता पोटगी साडीवर ठरवायचं कारणच उरलेलं नाही. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितलं की पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही आपली मिळकत, मालमत्ता, कर्जं आणि खर्च यांचं शपथपत्र द्यायचं. पगाराची स्लिप, बँकेचा खातेउतारा, भाड्याची पावती, मुलांची फी, हे सगळं कागदावर येतं. त्या बाईंच्या प्रकरणातही नवऱ्याचा 'मला काम नाही' हा बचाव त्याच्याच खातेउताऱ्यावरच्या दरमहा जमा होणाऱ्या रकमेने पडला. आदल्या रात्री साड्या निवडण्यात जो वेळ जातो तो खातेउताऱ्याच्या झेरॉक्स लावण्यात घालवा, हे मी आता प्रत्येकीला सांगते.

न्यायाधीशांनी कपड्यांवर किती बोलावं यालाही मर्यादा असावी असं मला वाटतं. जानेवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारी अधिकाऱ्यांबाबत हेच सांगितलं: त्यांच्या खात्याच्या ठरलेल्या गणवेशाचा भंग नसेल तर कोर्टाने त्यांच्या पोशाखावर शेरे मारू नयेत. साहेबी खुर्चीतल्या माणसाला हे संरक्षण मिळतं, तर मजुरी बुडवून तारखेला आलेल्या बाईलाही मिळायला हवं. वकिलाची गोष्ट वेगळी, त्याने सनद घेताना नियमही घेतलेला असतो. त्यामुळे ज्युनियरच्या कलत्या बँडवर कोणी बोललं तर मी गप्प बसते, पण माझ्या पक्षकाराच्या चपलेवर कोणी बोललं तर उभी राहते.

ज्यांना यंदा कोट शिवायचा आहे त्यांनी दिवाळीनंतर लगेच माप द्या. डिसेंबरात सगळे टेलर लग्नाच्या शेरवान्यांत अडकतात.