दहाव्याची वाट बघू नकोस

"माझ्या मैत्रिणीच्या मिस्टरांनी आत्महत्या केली. रक्षाविसर्जन झालं, रविवारी दहावा आहे. मी अजून गेलेच नाही. गेले आणि तोंडातून भलतंच काही निघालं तर? काय बोलू, काय नको बोलू? तुमच्या तिकडं लोक काय म्हणतात?"
(वर्गातली मैत्रीण, वडगाव, बेळगाव)

आज संध्याकाळीच जा. दहाव्याला घर माणसांनी भरलेलं असेल, तिच्याशी दोन शब्द बोलायलाही मिळायचे नाहीत. जाताना भाकरी-आमटीचा डबा घेऊन जा. तिच्या शेजारी बस आणि एवढंच म्हण, "फार वाईट झालं गं. मी आलेय, आज बसणार आहे." मग गप्प राहा. ती बोलली तर ऐक, नाही बोलली तर पोरांना जेवायला वाढ.

आता तुझा शेवटचा प्रश्न. मी आयर्लंडमध्ये कॉर्कला राहते, वृद्धाश्रमात काम करते. इथं मयताच्या घरी गेलं की प्रत्येक जण हात हातात घेतो आणि एकच वाक्य म्हणतो, "सॉरी फॉर युवर ट्रबल." मरण कसंही आलेलं असो, वाक्य तेच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते कोरडं वाटलं होतं. मग आमच्याकडच्या एका सहकारी बाईचा मुलगा असाच गेला. नंतर ती मला म्हणाली, त्या एका वाक्यामुळं मी वाचले, कारण दारात आलेल्या कुणालाच माझ्यासाठी नवीन वाक्य शोधावं लागलं नाही. आपल्याकडंही असं वाक्य आहेच की. "झालं ते फार वाईट झालं." आपण ते म्हणतो, पण तिथं थांबत नाही. लगेच पुढं येतं, "पण झालं तरी काय नेमकं?"

तुझा निरोप वाचून मी आपल्या वर्गाच्या ग्रुपवर विचारलं, तुझं आणि तिचं नाव न घेता. सुरुवात मीच चुकीची केली. इथं संस्था सांगतात की 'आत्महत्या केली' अशा अर्थाचं जुनं इंग्रजी क्रियापद 'कमिट' वापरू नका, कारण ते गुन्ह्याला जोडलेलं आहे. त्यात तथ्य आहे. आयर्लंडमध्ये १९९३ पर्यंत आत्महत्या कायद्यानं गुन्हा होता, इंग्लंडमध्ये १९६१ पर्यंत. म्हणून मी ग्रुपवर ठणकावून लिहिलं, 'केली' म्हणायचं नाही, 'आत्महत्येनं मृत्यू' म्हणायचं.

कोर्टात कारकुनी करणारा आपला वर्गमित्र म्हणाला, पण आपल्याकडं तो गुन्हाच आहे, दंडसंहितेचं कलम ३०९. त्याचं अर्धं बरोबर. ते कलम मरणाऱ्याला नाही, प्रयत्न करून वाचलेल्याला लागायचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं त्याची धार काढली. असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं, त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे, असं तो कायदा सांगतो. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ३०९ घेतलेलंच नाही. सरकारी नोकराला त्याच्या कामापासून अडवण्यासाठी असा प्रयत्न केला तर तेवढ्यापुरतं एक कलम ठेवलंय. म्हणजे वाचलेल्या कुणाच्या घरी जाऊन "आता पोलीस केस होणार" असं म्हणू नये.

आणखी एकानं ऊसबिलं, सोसायटीचं कर्ज आणि दोन्ही सरकारांवर भलं मोठं लिहिलं. मुद्दे खरे होते, पण मी विचारलं होतं ते दारात उभं राहून काय बोलायचं एवढंच.

मग खानापूरकडची आपली एक मैत्रीण बोलली. तिचा धाकटा भाऊ असाच गेला, अकरा वर्षं झाली. आजवर तिनं ग्रुपवर कधी काढलं नव्हतं. ती म्हणाली, "'केली' हा शब्द मला कधीच टोचला नाही. आपण लग्न करतो, स्वयंपाक करतो, तसंच ते. मला टोचलं ते 'कशामुळं'."

त्या रात्री पोलीस आले. आकस्मिक मृत्यूची नोंद, पंचनामा, जबाब, हे सगळं होतंच, टळत नाही. तिच्या वडिलांना विचारलं, कारण काय? त्यांना त्या घटकेला काहीच सुचत नव्हतं. दुपारी कर्जाची नोटीस आली होती तेवढी डोळ्यासमोर होती, ते म्हणाले, कर्ज होतं थोडं. जबाब कन्नडमध्ये लिहिला गेला. वडील मराठी शाळेत शिकलेले, कागदावर काय लिहिलंय ते न वाचताच त्यांनी सही केली. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी, 'कर्जाला कंटाळून तरुणाने जीवन संपविले'. तेव्हापासून गावाला कारण ठाऊक झालं. बापानं वेळेत पैसे भरले असते तर पोरगं वाचलं असतं, असं बापासमोर बसून चहा पिणारी माणसं म्हणाली.

"कर्ज होतंच," ती म्हणाली. "पण दोन वर्षं त्याला झोप नव्हती. धारवाडच्या डॉक्टरांची औषधं मध्येच सोडली होती. पिणं वाढलं होतं. त्यातलं एक काय म्हणून सांगू?"

मला वाटतं, आपल्या भाषेतला दोष 'केली'त नाही, या 'कंटाळून'मध्ये आहे. आजाराला कंटाळून, कर्जाला कंटाळून, घरगुती कारणावरून. एका शब्दात कारण मिळालं की गुन्हेगारही मिळतो, आणि तो बहुतेक वेळा घरातच सापडतो. एकच कारण देऊन बातमी छापू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मार्ग सांगू नये, मथळ्यात उठाव देऊ नये, हे आपल्या प्रेस कौन्सिलनं २०१९ मध्येच सांगितलंय. आपण बातमीदार नाही, पण दारात उभं राहून आपणही तेच विचारतो. म्हणून कारण विचारू नकोस. कसं, कुठं, चिठ्ठी होती का, हेही नको. तिला सांगायचं असेल तर ती सांगेल.

धारवाडला मानसिक आरोग्याच्या कामात असलेली आपली वर्गमैत्रीण रात्री उशिरा ग्रुपवर आली. 'आत्महत्येनं मृत्यू' हे कागदावर, बातमीत चांगलं, पण भेटायला गेल्यावर तसं बोललीस तर सरकारी परिपत्रक वाचल्यासारखं वाटेल, असं ती म्हणाली. तुझी मैत्रीण जो शब्द वापरते तो आपण वापरायचा. ती 'गेले' म्हणाली तर आपणही 'गेले'. तिनं आत्महत्या हा शब्द उच्चारला तर आपण दचकायचं नाही. आणि त्यांचं नाव घ्यायचं. असा माणूस गेला की पहिल्यांदा घरातून त्याचं नावच जातं.

पुढचं तिनं सांगितलेलं मला माहीत नव्हतं. तुझी मैत्रीण कधीतरी म्हणेल, "मी त्या दिवशी माहेरी गेले नसते तर..." आपण घाईनं म्हणतो, "छे गं, तुझा काय दोष?" हेतू चांगला असतो, पण तिथं तिचं बोलणं तुटतं. तिला वाटतं, हिला ऐकायचं नाही. आधी तिला पुरतं बोलू द्यायचं, माहेरी का गेली, निघताना ते काय म्हणाले, सगळं. मग म्हणायचं, "त्या दिवशी तुला जेवढं ठाऊक होतं तेवढ्यावर तू गेलीस. आज शेवट ठाऊक आहे म्हणून मागची प्रत्येक गोष्ट खूण वाटते." हे एकदा सांगून भागणार नाही. महिनाभर ती तोच दिवस पुन्हा सांगेल आणि तुला तो पुन्हा ऐकावा लागेल.

'मुलांचा तरी विचार करायचा होता', 'भित्रा निघाला', ही वाक्यं नातेवाईक बोलतील. वाद घालू नकोस. "ते किती त्रासात होते ते आपल्याला नाही ना कळलं" एवढं म्हण आणि तिला आत घेऊन जा.

आणि तिच्याकडं लक्ष ठेव. असं मरण घरात आलं की मागं राहिलेल्यालाही जीव नकोसा होऊ शकतो. "असंतसं काही मनात आणू नकोस हं" असं म्हणालीस तर ती 'नाही' म्हणून मोकळी होईल. सरळ विचार, "तुलाही मरावंसं वाटतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, असेल तर बाहेर येतो. हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नकोस. तिच्यासमोरच १४४१६ ला फोन लाव. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट, रात्रंदिवस चालू, आणि मराठीतही बोलता येतं. तुलाच जड झालं तर तूही लाव. आणि ती काही करून घेईल असं त्या घटकेला वाटलं तर फोनवर न थांबता तिला घेऊन दवाखान्यात जा.

एका गोष्टीवर आमचं जमलं नाही. तिच्या आठ वर्षांच्या मुलाला सासूबाईंनी 'बाबांना अटॅक आला' असं सांगितलंय, असं तू लिहिलंस. धारवाडची म्हणते, लहान शब्दांत खरं सांगावं. बाबांचं मन फार आजारी होतं, त्यात त्यांनी स्वतःचा जीव घेतला, तू काही केलंस म्हणून नाही. नाहीतर शाळेत कुणीतरी सांगेल आणि मग तो घरात कुणाला काही विचारायचा नाही. खानापूरची म्हणते, त्या घरात सासूला डावलून सून काही बोलू शकते का? मला दोघींचं पटतं. ते तू ठरवायचं नाहीस. मात्र पोरानं तुलाच विचारलं तर खोटं बोलू नकोस. "आईला विचारू या" म्हण आणि त्याच्याबरोबर आईकडं जा.

इकडंच जास्त चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. इथं पिएटा नावाची संस्था आहे. अशा घरी तिचं माणूस येतं, पोलीस, शवविच्छेदन, चौकशी यांत पुढं काय होणार ते शांतपणे सांगतं, आणि महिन्यांनीही येत राहतं. आपल्याकडं ते काम करणारं कुणी सहसा मिळत नाही, म्हणून ते तुझ्यावर आलंय. तुला कन्नड वाचता येतं. तिच्यासमोर कागद आला की आधी वाचून दाखव, मग सही. पण इथं माझ्या शेजारीण आजी नवरा गेल्यावर चौथ्या दिवसापासून एकट्या जेवत होत्या. आपल्याकडं बाराव्यापर्यंत भावकी येते, डबे येतात, चूल पेटवावी लागत नाही. तेराव्या दिवशी मात्र सगळे एकदम जातात. त्या दिवशी जा. मग महिन्याच्या तिथीला आणि वर्षश्राद्धाच्या आधल्या दिवशी.

रविवारी नदीवर तिच्याजवळच उभी राहा. पिंडाला कावळा शिवायला उशीर झाला की कुणीतरी म्हणणार, काहीतरी इच्छा राहिली, कुणावर तरी राग आहे. मग सगळ्यांचे डोळे तिच्याकडं वळतील. खानापूरच्या मैत्रिणीच्या आईला त्या दिवशी चार वेळा हात जोडून माफी मागायला लावली होती. तसं कुणी म्हणालं तर तिचा हात धर आणि मोठ्यानं सांग, "ऊन चढलंय, इथं कावळेच नाहीत. दर्भाचा कावळा करा." भटजींनाही घरी जायचंच असतं, ते लगेच करतील.