मास, माश्ता आणि काकांचं जेवण

जपानी क्रियापदं मराठी माणसाला पहिल्या दिवशी फार आवडतात. आपल्याकडे एका खाण्याच्या किती तऱ्हा! पोळी खाल्ली, भात खाल्ला, पोहे खाल्ले. तो खातो, ती खाते. तिकडे कुणीही, काहीही, कितीही खावो, 'ताबेमास'. खाऊन झालं की 'ताबेमाश्ता'. लिंग नाही, वचन नाही. शिवाय लिहिताना 'मासु' आणि 'माशिता' असलं, तरी बोलताना त्यातला उ आणि इ जपानी लोक जवळजवळ गिळूनच टाकतात. म्हणजे जिभेलाही आराम.

हा आनंद ड्रिल सुरू होईपर्यंत टिकतो.

सेन्सेईंच्या हातात कार्डांची गड्डी. कार्डावर क्रियापद, तोंडाने काळ. "नोमिमास, किनो!" किनो म्हणजे काल, म्हणून "नोमिमाश्ता!" प्यायलो. "इकिमास, आश्ता!" आश्ता म्हणजे उद्या. वर्ग भविष्यकाळ शोधू लागतो, आणि तो मिळत नाही. उद्यालाही "इकिमास"च. रोज जातो ते इकिमास, उद्या जाईन तेही इकिमास. मग येतं "केसा", आज सकाळी. 'आज' ऐकून अर्धा वर्ग 'मास' म्हणतो, पण सकाळ उलटून गेलेली असते, म्हणून माश्ता. माझ्यासारख्या उशिरा उठणाऱ्याला हे नीट पटत नाही.

नकार तर आणखी खट. ताबेमासचं ताबेमासेन होतं, इथवर ठीक. पण भूतकाळ करायला आपण 'मासेन'ची शेपटी ओढू लागलो की ती हलत नाही. मागे वेगळा 'देश्ता' लावावा लागतो. ताबेमासेन देश्ता. खाल्लं नाही.

शेजारच्या निवृत्त काकांनी हे घोटून घोटून पाठ केलं होतं. सेन्सेईंनी विचारलं, "मो गोहान ओ ताबेमाश्ता का?" जेवण झालं का?

काका ताठ बसून म्हणाले, "इइए, ताबेमासेन देश्ता."

"नाही काका. इथे 'इइए, मादा देस'. अजून नाही."

"पण व्याकरणात काय चुकलं?"

"काही नाही. 'किनो', काल जेवलात का, असं विचारलं असतं तर अगदी बरोबर होतं. पण 'मो' म्हणजे 'एव्हाना'. त्याला असं उत्तर दिलंत, तर जेवणाची वेळ गेली आणि तुम्ही जेवलाच नाहीत, असं वाटतं."

"छे हो! घरी पिठलं-भाकरी आहे. जाऊन जेवणारच आहे मी."

"म्हणूनच मादा देस."

काका वहीत काहीतरी लिहू लागले. बहुधा पिठलं. सेन्सेईंनी पुढचं कार्ड उचललं आणि सगळ्यांकडे पाहून विचारलं, "मो शुकुदाई ओ शिमाश्ता का?"

शुकुदाई म्हणजे गृहपाठ. एरवी प्रत्येकाच्या वेगळ्या तालात उत्तर देणारा आमचा वर्ग त्या क्षणी एका सुरात, गिळायचा तो उ व्यवस्थित गिळून म्हणाला, "इइए, मादा देस!"