जेसीबी कोणाचा?

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय, पोस्ट मोठी होणार, कंटाळा आला तर पुढे जा.

सकाळी आमच्याकडे प्लेडेट होती. घोडबंदर रोडला आमच्याच बिल्डिंगमधली मनू आणि तिची आजी. मनू आणि आमचा चिकू, दोघंही दोन वर्षांचे. चिकू पालथा पडून जेसीबीने कागदाचे बोळे उचलत होता, एक फावड्यात यायचा, तीन पडायचे. मनूला तोच जेसीबी हवा. आजींनी सरळ त्याच्या हातातून काढला, "शहाणं बाळ ना तू? शेअरिंग करायचं!" आणि दिला तिला.

अर्धी चपाती लाटून झालीय आणि कोणी लाटणं ओढून नेलं तर आपण काय शहाण्यासारखं गप्प बसतो का हो?

दहा मिनिटांनी चिकूने मनूच्या हातातला बॉल अगदी तसाच ओढला. तर म्हणे, "दादागिरी करतो हो तुमचा." अहो, तो आत्ताच तर शिकला, इथेच, तुमच्याकडून!

ओरडले नाही त्याला. बॉल मनूला परत दिला, तो मारायला धावला तसा त्याचा हात धरला आणि म्हटलं, "बॉल मनूकडे आहे. तुला पण हवाय. तिचं झालं की तुझा नंबर." रडला, मांडीवर घेऊन बसले. दोनेक मिनिटांत मनूनेच बॉल टाकला. मग जेसीबी परत चिकूकडे आल्यावर विचारलं, "तुझं झालं की मनूला देशील?" नाही म्हणाला. ठीक आहे, नाही तर नाही. मनूला नुसतं थांब म्हटलं तर ती का थांबेल, म्हणून तिला बोळे करायला जुना पेपर दिला. थोड्या वेळाने साहेबांनी स्वतःच जेसीबी पुढे सरकवला, "घे." अर्ध्या मिनिटात परत मागितला, तो भाग वेगळा 😄

बागेतला झोपाळा सगळ्यांचा, तिथे रांग असते तेव्हा दहा झोके मोजून उतरवते, रडला तरी. ते मान्य. आणि "आता मनू, आता चिकू" करत बॉल लोळवायचा खेळ भांडण झाल्यावर नाही, दोघं खुशीत असताना खेळायचा, भांडणात कोणाच्या डोक्यात काही शिरत नाही.

आता लिहिता लिहिता वाटतंय, चूक माझीही आहे. जीव की प्राण असलेलं खेळणं पाहुणे यायच्या आधी कपाटात ठेवायचं हे मला माहीत होतं, विसरले. आजी पण बिचाऱ्या दिवसभर एकट्या सांभाळतात, मनूची आई सकाळी ट्रेन पकडते ती रात्रीच घरी येते. त्यांना वाटलं असेल माझ्यासमोर नात हावरट दिसेल.

उद्या परत येणारेत, दहाला, तासभरच, झोपेची वेळ व्हायच्या आत. आत्ता चिकूला विचारलं, कपाटात काय ठेवायचं? जेसीबी म्हणेल वाटलं होतं, तर बॉल घेऊन आला.