मतला हाही शेरच, मग वेगळं नाव कशाला?

मतल्यावरच्या माझ्या लेखावर एका वाचकाने लिहिलं:

«मतला म्हणजे गझलेचा पहिला शेर, एवढीच तर गोष्ट. त्यासाठी तुम्ही अख्खा लेख लिहिलात. मुशायऱ्यात बसणाऱ्याला अर्थ कळला की पुरे, ही नावं शायरांनाच लखलाभ!»

मतला हाही शेरच, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. लेखात मी दोन्ही शब्द शेजारी ठेवले, त्यामुळे ते निराळे वाटले, ही चूक माझी. पण पहिला आहे म्हणून तो मतला होत नाही. त्याच्या दोन्ही ओळी, म्हणजे दोन्ही मिसरे, काफिया म्हणजे यमकाचा शब्द आणि रदीफ म्हणजे त्यामागून जसेच्या तसे पुन्हा येणारे शब्द, यांवर संपतात म्हणून तो मतला. पहिल्याच शेरात तसं नसेल तर त्या गझलेला मतलाच नाही.

ऐकणाऱ्याला याचा काय उपयोग, ते गालिबच्या गझलेवरून पाहा.

दिल-ए-नादाँ तुझे हुआ क्या है
आखिर इस दर्द की दवा क्या है

‘क्या है’ ही रदीफ; ‘हुआ’, ‘दवा’ हे काफिये. म्हणजे दोनच ओळींत कानाला कळलं की यापुढे प्रत्येक शेर ‘आ’ने संपणाऱ्या शब्दावर येऊन ‘क्या है’ला टेकणार. शायर ‘मतला अर्ज है’ म्हणतो तेव्हा कान टवकारायचे ते यासाठी. तो मतला निसटला, तर पुढच्या शेरांत नक्की कशाची वाट पाहायची तेच कळत नाही.

आता याच गझलेतला पुढचा एक शेर:

हम को उन से वफा की है उम्मीद
जो नहीं जानते वफा क्या है

पहिली ओळ ‘उम्मीद’वर थांबते. तिथे काफिया नाही, रदीफ नाही. गोष्ट अर्धवट लटकते. मुशायऱ्यात शायर हीच ओळ दोन-तीनदा म्हणतो आणि जाणकार श्रोते ती त्याच्यामागून म्हणतात. याला मिसरा उठवणं म्हणतात. दुसऱ्या ओळीत ‘जो नहीं जानते’ येतं आणि मतला लक्षात असलेल्या माणसाच्या ओठांवर शायराच्या आधीच ‘वफा’ येतो. मी पहिल्यांदा मुशायऱ्याला गेलो तेव्हा शेजारचे एक वयस्क गृहस्थ असाच शेवटचा शब्द शायरासोबत म्हणत होते. मला वाटलं, त्यांना गझल पाठ आहे. ती तर शायराची नवीकोरी गझल होती!

अर्थाबद्दल एकच सांगतो. गझलेतला प्रत्येक शेर सहसा स्वतःपुरता पूर्ण असतो. मतल्यातलं दुखणं दुसऱ्या शेरात पुढे सरकेल म्हणून धागा शोधत बसलात तर हातचा शेर जाईल. गाण्याच्या मैफलीत मात्र गायक दर शेरानंतर बहुधा मतल्याकडेच परततो, अस्थाईसारखा. तिथे मतला विसरायची सोयच नसते. मुशायऱ्यात तो एकदाच येतो आणि तुम्हालाच धरून ठेवावा लागतो.