काकूंना हार घातला, आणि तो मला पडला

परवा रविवारी आमच्या लेआउटमधल्या महिला भजनी मंडळाला पंचवीस वर्षं झाली, आणि त्या भरगच्च कार्यक्रमात मी माईकवरून एका जिवंत बाईला कैलासवासी केलं. ती बाई पहिल्याच रांगेत बसली होती. हातात खंजिरी.

भाषण माझ्याकडे का आलं तर आई मंडळात आहे आणि मी रिकामा दिसतो. जुने फोटो पडद्यावर सरकणार, मी संस्थापक काकूंचे आभार वाचणार. सोपं वाटतं ना? एक फोटो सात सेकंद टिकतो, मी सेकंदाला दोन शब्द वाचतो, म्हणजे एका काकूच्या वाट्याला चौदा शब्द. त्यात 'सौ.' लावायचं की 'श्रीमती' यावर ग्रुपवर दोन दिवस भांडण. मी म्हटलं काहीच नको, नुसतं नाव घेऊ, तर मलाच शिष्टाचार शिकवला.

मुख्य फोटो १९९९ चा. मंदिराच्या पायरीवर पाच संस्थापक बसलेल्या, पेटी मधोमध आईसमोर. प्रिंट चिकट पानाच्या अल्बममध्ये असा बसला होता की ओढला असता तर अर्ध्या काकू पानावरच राहिल्या असत्या. पण निगेटिव्ह सापडली, आणि चिठ्ठीवर नावं, 'डावीकडून'. भाच्यानं निगेटिव्ह लाईटवर धरून मोबाईलनं फोटो काढला, रंग उलटे करून सरळ केले, आणि डावीकडून पहिल्या चेहऱ्याभोवती गुलाबांचा हार चिकटवला, कारण चिठ्ठीतल्या पहिल्या काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. आईला दाखवलं. आईनं मधली बाई तपासली, म्हणजे स्वतःला, आणि म्हणाली बरोबर आहे.

निगेटिव्हला दोन बाजू असतात, एक चकचकीत, एक मळकट. चकचकीत बाजूनं पाहिलं की चित्र सरळ दिसतं, कडेचे आकडेही सरळ वाचता येतात. भाच्यानं मळकट बाजूनं काढला. सगळं आरशासारखं उलटं, पहिली बाई पाचवी, पाचवी पहिली, आणि मधली अर्थातच जिथल्या तिथं! मंदिराची पाटीही फ्रेममध्ये नव्हती, अक्षरं उलटी दिसली असती तर कळलं असतं.

तर मी गंभीर आवाजात वाचलं, "कैलासवासी, मितभाषी, मंडळाचा आधारवड..." आणि खंजिरी वाजली. एकदाच.

"काहून रे बाबू, मी कधी मेली?"

हशा झाला. मी म्हटलं काकू, चूक झाली.

"चूक कशी? हार बी घातला ना! सकाळीच आलूबोंडे तळून आली मी, ते काय भूत होतं?" परत खंजिरी. तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे आमच्या विदर्भात खंजिरी घरोघरी पोचली, पण ती जाब विचारायला पण वापरतात हे मला माहीत नव्हतं. "आन पाहा, पेटीवाली डाव्या हातानं वाजवून राहिली, पदर सगळ्यांचे उजव्या खांद्यावर. आमच्यात कोणाचा उजवा पदर होता सांग! तुमाले दिसत नाही का जी, शिकलेल्या लोकाइले?"

खरंच की! उजव्या हातानं सूर, डाव्यानं भाता, हे आईला वीस वर्षं पाहत आलोय मी. आई तर स्वतःच उलटी बसली होती पडद्यावर आणि तिला केसच दिसले, तेव्हा किती काळे होते म्हणे.

एवढ्या वेळात पडदा पुढे सरकला, कारण स्लाइड काही थांबत नसते, आणि मी घाबरून उरलेलं कागदावर होतं तसंच वाचून टाकलं. शेवटच्या काकूंना "आज आपल्यात उपस्थित" म्हणालो. त्याच खरोखर गेलेल्या. त्यांची मुलगी वर्ध्याहून आली होती, मागच्या रांगेत. ज्या बाईनं दारोदार दहा-दहा रुपये मागून पहिली पेटी आणली, तिच्या वाट्याला एक फुकटची टाळी आली, आणि प्रमुख पाहुण्यांचं रस्त्याच्या कामावर वीस मिनिटं चाललं, त्यांची स्लाइड बरी थांबली होती. मुलगी जेवायला थांबली नाही. यावर ग्रुपवर कोणी एक अक्षर टाकलं नाही, हसणाऱ्या बाहुल्या मात्र साठ.

मी आता 'डावीकडून' लिहिणं सोडलंय. 'पेटीवर हात असलेल्या', 'टाळ धरलेल्या' असं लिहितो, फोटो उलटा होवो की सुलटा. रात्री सरळ केलेला फोटो वर्ध्याला पाठवला, हार योग्य जागी. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

काल खंजिरीवाल्या काकू घरी आल्या. वाटलं अजून राग आहे. म्हणाल्या, "तो कागद फेकू नको, बाबू. ठेव जपून, पुढं कामी येईन. फक्त ते मितभाषी काढून टाक, लोक हसतीन."