ऑडिटर दहा वर्षांनी बदलतो, पण खरा प्रश्न पाचव्या वर्षाचा आहे

रत्नागिरीच्या एका मासळी प्रक्रिया कंपनीत मी काही वर्षं स्वतंत्र संचालक होतो आणि ऑडिट कमिटीवरही होतो. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही. पण ती पब्लिक लिमिटेड आहे आणि भरणा झालेलं भांडवल दहा कोटींच्या वर आहे. त्यामुळे 2013 च्या कंपनी कायद्याचे ऑडिटर बदलाचे नियम तिला लागू होतात आणि ऑडिट कमिटी नेमणंही बंधनकारक आहे. हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याकडे अनेकांना वाटतं की हे सगळं मुंबईच्या मोठ्या कंपन्यांचं काम. कोकणातही अशा कंपन्या आहेत आणि त्यांत लोकांचा पैसा आहे.

नियम थोडक्यात असा. ऑडिटर एकटा सीए असेल तर पाच वर्षांची एकच मुदत. फर्म असेल तर पाच-पाच वर्षांच्या दोन मुदती. त्यानंतर पाच वर्षं त्या फर्मला त्या कंपनीत पाऊल टाकता येत नाही. भागीदार समाईक असलेली दुसरी फर्म पुढे करूनही चालत नाही. कायदा आला तेव्हा जुन्या ऑडिटरांना आवरायला तीन वर्षं दिली होती, म्हणून 2017 च्या वार्षिक सभांमध्ये देशभर ऑडिटर बदलले. आमच्याकडेही तेव्हाच बदलला.

जुनी फर्म जिल्ह्यातलीच होती, वीसहून अधिक वर्षं हेच ऑडिट करत होती. नवी फर्म मुंबईची. दीर्घ सहवासाचे फायदे-तोटे लोक तत्त्वाच्या भाषेत मांडतात. मी आमच्या दोन नोंदींवरून सांगतो, कारण एका नोंदीत बदलाची बाजू जिंकली आणि दुसरीत हरली.

पहिली नोंद शीतगृहातल्या मालाची. गोठवलेल्या माकुल आणि कोळंबीवर बर्फाचा पातळ थर चढवतात, त्याला ग्लेझ म्हणतात. मासळी वाळू नये म्हणून तो लागतोच. पण खोक्याचं वजन केलं की बर्फही मासळी म्हणून मोजला जातो. आमच्या साठ्याच्या वहीत पॅक केलेलं वजन लिहायचे आणि वर्षअखेरीस बर्फापोटी ठोक पाच टक्के वजा करायचे. हे पाच टक्के जुन्या ऑडिटरांनी कधीकाळी स्वतः तपासूनच ठरवले होते आणि तेव्हा ते बरोबरही होते. मग कंपनीचा माल बदलला. मोठ्या लाद्यांऐवजी सुटी, एकेक गोठवलेली मासळी जास्त निघू लागली, आणि तिच्यावर ग्लेझ जास्त असतो. पाच टक्के मात्र तेच राहिले.

नव्या फर्मची एक मुलगी 31 मार्च 2018 ला शीतगृहात मोजणीला आली. जाडजूड कोट घालून उणे अठरा अंशात उभी राहिली आणि तिने वेगवेगळ्या थप्प्यांमधून एक-एक किलोच्या पिशव्या काढायला सांगितल्या. बाहेर आणून पाण्याखाली धरल्या, वरचा बर्फ गेला की चाळणीत निथळवल्या आणि पुन्हा काट्यावर ठेवल्या. किलोची पिशवी साडेआठशे ग्रॅमच्या आसपास भरत होती. म्हणजे बर्फ पाच नाही, पंधरा टक्के. साठा वहीत 180 टन होता. दहा टक्क्यांचा फरक म्हणजे 18 टन. किलोला सरासरी 260 रुपये धरले तर 46 लाख 80 हजारांची मासळी ताळेबंदात होती, शीतगृहात नव्हती. बँकेचं कर्ज याच साठ्यावर उभं होतं.

ही चोरी नव्हती. जुन्या ऑडिटरांच्या सचोटीवर मी आजही बोट ठेवणार नाही. त्यांना ग्लेझ काय असतं ते या मुंबईच्या मुलीपेक्षा कितीतरी जास्त माहीत होतं. म्हणूनच त्यांनी तपासणं सोडलं. लांबलेल्या मुदतीचा धोका बहुतेक वेळा असाच असतो. संगनमत नसतं, पण माहिती शिल्लक राहते आणि चाचणी बंद पडते. फाइलमध्ये गेल्या वर्षीचा कागद नवी तारीख घालून लागतो.

आता दुसरी नोंद. आमच्याकडे हंगामाच्या सुरुवातीला बोटमालकांना उचल देतात. डिझेल, बर्फ, जाळी, खलाशांचे पैसे, सगळं त्यातून होतं. मग वर्षभर ते आपली मासळी कंपनीला घालतात आणि उचल फिटत जाते. 1 जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागते, त्याआधी हिशेब मिटायला हवा. 31 मार्चला अशी येणं रक्कम एक कोटी नव्वद लाख होती. नव्या फर्मने रीतसर प्रत्येक बोटमालकाला पत्र पाठवलं, शिल्लक बरोबर आहे का विचारलं, सह्या होऊन उत्तरं आली, आकडे जुळले. पुस्तकाप्रमाणे काम चोख झालं.

पण त्यातल्या चार बोटी एका संचालकांच्या लग्न झालेल्या बहिणीच्या नावावर होत्या. आडनाव वेगळं, गाव वेगळं. मुंबईच्या माणसाला पत्रावरून ते कळणार कसं? बहीण ही नातेवाईक. हे व्यवहार संबंधित व्यक्तींचे म्हणून कमिटीपुढे यायला हवे होते आणि ताळेबंदाच्या टिपांमध्ये दाखवायला हवे होते. संचालकांनी स्वतः सांगायला हवं होतं, त्यांनी सांगितलं नाही. जुन्या ऑडिटरांच्या काळात ही टीप दरवर्षी येत असे, कारण कोण कोणाकडे दिली आहे हे त्यांना ठाऊक होतं. पहिल्याच वर्षी ती गळाली. कमिटीतल्या एका स्थानिक सदस्यांनी मसुदा वाचताना विचारलं, 'ही टीप कुठे गेली?' म्हणून निभावलं. ते नसते तर ताळेबंद तसाच छापला गेला असता.

जुन्या फर्मने नव्यांना का सांगितलं नाही, असं तुम्ही विचाराल. कारण तसं बंधनच नाही. नव्या ऑडिटरने काम स्वीकारण्यापूर्वी जुन्याला लेखी कळवायचं असतं, तेवढीच रीत. कामाचे कागद जुन्या फर्मच्या मालकीचे असतात, ते दाखवायचे की नाही हे तिने ठरवायचं. नव्या फर्मला आरंभीच्या शिलका स्वतःच पटवून घ्याव्या लागतात आणि गेल्या मार्चची मासळी पुन्हा मोजता येत नाही. ती केव्हाच निर्यात झालेली असते.

म्हणून मी ऑडिटर बदलाच्या बाजूचा आहे, पण पहिली दोन वर्षं कच्ची असतात हे गृहीत धरून. सत्यम कॉम्प्युटर्स या कंपनीचं उदाहरण सगळे देतात. 2000 पासून तिथे एकच फर्म ऑडिटर होती आणि जानेवारी 2009 मध्ये बँकेतली शिल्लकच खोटी असल्याचं अध्यक्षांनी कबूल केलं. बदलाच्या नियमामागे ती आठवण आहे. पण नवा माणूस आणला की सगळं दिसतं, हा धडा त्यातून काढणं चूक आहे.

आता येतो मला खरं जे म्हणायचंय त्यावर. दहाव्या वर्षी निर्णय कायदाच घेतो, कमिटीला डोकं चालवावं लागत नाही. कमिटीचा स्वतःचा निर्णय पाचव्या वर्षी असतो: दुसरी मुदत द्यायची का? आणि तिथेच सर्वात कमी वेळ दिला जातो. इतर कंपन्यांची इतिवृत्तं मी पाहिली आहेत. 'काम समाधानकारक असल्याने पुनर्नियुक्तीची शिफारस करण्यात येते.' एवढंच. समाधान कोणाचं? बहुधा फायनान्स मॅनेजरचं.

आमच्याकडे 2022 मध्ये तो प्रश्न आला. नियमाप्रमाणे कमिटीने फर्मची पात्रता, अनुभव आणि तिच्याविरुद्ध व्यावसायिक गैरवर्तनाची प्रकरणं प्रलंबित आहेत का ते पाहायचं असतं. ते पाहिलं, काही नव्हतं. मग व्यवस्थापनाला खोलीबाहेर बसवून ऑडिटरांशी बोललो. एकच गोष्ट खोदून विचारली: ग्लेझची चाचणी कोणत्या वर्षी तुम्ही स्वतः केली? पहिली दोन वर्षं केली होती. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन होता, कोणी येऊच शकत नव्हतं. मोजणी नंतर केली आणि मधली आवक-जावक धरून आकडे 31 मार्चपर्यंत मागे नेले. मार्च 2021 मध्ये आणि त्यानंतर मात्र आमच्याच दर्जा विभागाच्या वहीतले आकडे घेतले होते. म्हणजे चौथ्या-पाचव्या वर्षीच ती मंडळी जुन्यांच्या वाटेला लागली होती.

मॅनेजिंग डायरेक्टरना दुसरी, स्वस्तातली फर्म हवी होती. बोर्डाला कमिटीची शिफारस पटली नाही तर कारणं देऊन परत पाठवता येते; आमच्याकडे तितकं ताणलं गेलं नाही. स्वस्त फर्म किती तास देणार आणि शीतगृहात कोण येणार, हे विचारल्यावर उत्तर मिळालं की एक आर्टिकल विद्यार्थी रात्रीच्या गाडीने येईल आणि दुसऱ्या रात्री परत जाईल. आम्ही मुंबईच्या त्याच फर्मची शिफारस केली, पण दोन अटींवर. चाचणी त्यांनी स्वतः करायची, आणि सही करणारा भागीदार बदलायचा. कायद्यात सोय आहे की सभासद ठराव करून फर्म तीच ठेवून भागीदार आणि चमू ठरावीक काळाने बदलायला लावू शकतात. ही सोय कुणी वापरताना दिसत नाही. आम्ही वार्षिक सभेत तो ठराव घेतला. नव्या भागीदारांनी पहिल्याच वर्षी उचलीच्या यादीबरोबर बोटींच्या नोंदणीचे कागद मागवले. माहिती फर्ममध्ये राहिली आणि नजर नवी मिळाली.

तरीही मला ही पाच-अधिक-पाचची रचनाच चुकीची वाटते. चौथ्या-पाचव्या वर्षी ऑडिटरला पुढची मुदत दिसत असते आणि ती मिळण्यात व्यवस्थापनाचा शब्द मोठा असतो. नेमक्या त्या दोन वर्षांत त्याने कडक राहावं अशी अपेक्षा आपण करतो. त्याऐवजी एकच सलग आठ वर्षांची मुदत असावी, मध्यावर भागीदार बदलावा, पुनर्नियुक्ती नसावीच. यावर आक्षेप येईल की काम वाईट असेल तर आठ वर्षं भोगायचं का? आक्षेप खरा आहे. मुदतीआधी ऑडिटर काढायला आज विशेष ठराव आणि केंद्र सरकारची मंजुरी लागते, ते सोपं नाही आणि सोपं असूही नये, नाहीतर प्रामाणिक ऑडिटरच आधी जाईल. पण कमिटीने दरवर्षी लेखी मूल्यमापन केलं आणि ते वार्षिक अहवालात छापलं तर वाईट काम आठ वर्षं झाकून राहणार नाही. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये तीन वर्षांची मुदत आणि नंतर सहा वर्षांची विश्रांती ठरवली. आमच्यासारख्या धंद्यात तीन वर्षं फार कमी. ग्लेझ आणि उचल समजेपर्यंतच ती संपतील.

या कंपनीत पुढचा बदल 2027 च्या सभेत आहे. मी आता तिथे नाही, पण कमिटीला लेखी सुचवून ठेवलंय की नव्या फर्मला मार्च 2027 च्या मोजणीलाच निरीक्षक म्हणून बोलवा, म्हणजे आरंभीचा साठा तिने डोळ्यांनी पाहिलेला असेल. आणि आत्ताच्या फर्मकडून संबंधित व्यक्तींची यादी, बोटींच्या नावांसह, आत्ताच लेखी घ्या.